पुण्याहून म्युनिकला जाताना पगार किती मागावा

«पुण्यात सहा वर्षांच्या अनुभवावर 18 लाखांचे सीटीसी आहे. म्युनिकच्या एका कंपनीत बॅकएंडच्या जागेसाठी मुलाखती झाल्या आणि आता अपेक्षित पगार विचारला आहे. इथे तीस टक्के हाईक सहज मागतात, तिथे किती टक्के मागावी? एकदम तिप्पट आकडा सांगितला तर तो पटवून कसा द्यायचा?»

टक्क्यांचा हिशेब या बदलीत लागूच पडत नाही, आणि ते तुमच्याच आकड्यांवरून दिसते. एक युरो शंभर रुपयांचा धरला तर 18 लाख म्हणजे 18,000 युरो, आणि तीस टक्के हाईक धरून 23,400. आता ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या निवास-परवान्याची, अट पाहा: 2025 साली त्यासाठी वार्षिक ब्रुटो, म्हणजे कर आणि विमा कापण्यापूर्वीचा, पगार किमान 48,300 युरो असावा लागत होता आणि आयटीसारख्या, मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत 43,759.80 युरो. ही मर्यादा दरवर्षी बदलते, त्यामुळे अर्जाच्या वर्षाचा आकडा तपासून घ्या. म्हणजे इथल्या मापाने भरघोस असलेल्या हाईकवर तुम्हाला ब्लू कार्डसुद्धा मिळणार नाही. तुमची उडी अडीचपट किंवा त्याहून मोठी असणार हे परदेशातून माणसे घेणाऱ्या कंपनीला आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे तिचे दडपण घेऊ नका.

सहा वर्षांचा अनुभव असलेल्या बॅकएंड इंजिनिअरने म्युनिकमध्ये 65,000 ते 70,000 युरो मागावेत आणि 62,000 च्या खाली येऊ नये, असे माझे मत आहे. 66,000 ब्रुटो म्हणजे महिन्याला 5,500; एकट्या माणसाच्या कर-वर्गात त्यातले साधारण 3,400 ते 3,500 हातात पडतात. जोडीदार सोबत आली आणि कमावत नसली, तर कर-वर्ग बदलून चार-पाचशे युरो वाढतात. दोन खोल्यांच्या घराचे हीटिंगसह भाडे दीड हजाराच्या आसपास जाते. पुण्यात तुमच्या हातात सव्वा लाखाच्या आसपास येत असणार. त्यामुळे तिप्पट-चौपट आकड्यामागे प्रत्यक्ष राहणीमानात किती फरक पडतो, हे भाडे वजा करूनच ताडून पाहा. एक फरक मात्र तुमच्या बाजूचा आहे. आपल्याकडे सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही मोजतात. जर्मनीत ब्रुटो आकड्यात कंपनीच्या वाट्याचा सामाजिक विमा धरलेला नसतो, तो खर्च कंपनी वरून करते.

आता पटवून देण्याविषयी. भारतात एचआर तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागतो आणि मग तुमचा नवा आकडा जुन्या आकड्याला बांधला जातो. जर्मन कंपनी बहुधा थेट अपेक्षाच विचारते. जुना पगार विचारण्यास बंदी घालणारा युरोपीय संघाचा पगार-पारदर्शकतेचा निर्देश 2023 साली मंजूर झाला असून तो देशोदेशींच्या कायद्यात आणण्यासाठी जून 2026 ची मुदत दिली गेली. त्यामुळे जुना आकडा स्वतःहून सांगू नका. भारतातल्या भरती एजन्सीने विचारलाच, तर खरा आकडा सांगा आणि लगेच जोडा: «हा पुण्याच्या बाजाराचा पगार आहे, या जागेसाठी माझी अपेक्षा म्युनिकमध्ये याच पातळीच्या कामाला मिळणाऱ्या पगारानुसार आहे.» फुगवलेला आकडा मात्र कधीही सांगू नये, कारण फॉर्म 16 मागितला की तो तिथेच उघडा पडतो आणि ऑफर जाते.

खरा युक्तिवाद पातळीवर होतो. तुम्हाला मिड-लेव्हलला धरले आहे की सीनिअरला, हे एचआरला सरळ विचारा, कारण आकड्याचा पट्टा तिथेच ठरतो. सीनिअर म्हणून घ्यावे असे वाटत असेल तर वर्षे मोजून दाखवू नका, जबाबदारी दाखवा. «पेमेंट सर्व्हिसवर काम केले» या वाक्याने कोणी हलत नाही. «पेमेंट सर्व्हिस जुन्या डेटाबेसवरून नव्यावर, व्यवहार बंद न ठेवता नेली, आराखडा माझा होता, दोन कनिष्ठ सहकारी माझ्या हाताखाली होते आणि रात्रीच्या ऑन-कॉलची जबाबदारी माझ्याकडे होती» असे सांगितले, की मुलाखत घेणारा स्वतःच एचआरकडे तुमची बाजू मांडतो. मी स्वतः त्या बाजूला बसलो आहे आणि असा उमेदवार आला की वरचा आकडा मागणे सोपे जाते. कंपनी सामूहिक करार पाळणारी असेल, उदाहरणार्थ आय. जी. मेटाल या कामगार संघटनेचा, तर पगार श्रेणीनुसार ठरलेला असतो. तिथे रकमेवर घासाघीस न करता वरच्या श्रेणीसाठी बोलावे लागते.

सुरुवातीच्या आकड्यावर जोर देण्याचे कारण असे, की एकाच कंपनीत राहून पुढे वर्षाला दोन-चार टक्के मिळतात आणि जर्मनीतल्या जर्मनीत नोकरी बदलली तर दहा-पंधरा टक्के ही चांगली वाढ समजतात. त्यामुळे कंपनी 62,000 वर अडली, तर सहा महिन्यांचा प्रोबेशन काळ संपल्यावर 66,000 होतील असे करारात लिहून मागा, आणि विमान व पहिल्या महिन्याच्या घराचा खर्च वेगळा मागा. तोंडी आश्वासनावर राजीनामा देऊ नका. सही झालेला करार हाती आला की मगच पुण्यात नोटीस द्या.