एसआरएस तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न: मी नांदेडची, टेस्टिंगमध्ये नवीन आहे. सरांनी साठ-सत्तर पानांचा एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरनं काय काय करायला पाहिजे ते लिहिलेला दस्तऐवज, दिला आणि म्हणाले, "क्लिअर आहे का, टेस्ट करता येईल का, काही राहिलंय का, कुठं एकमेकाला छेद जातोय का ते बघ." दोनदा वाचला, मला तर सगळं बरोबरच वाटतंय. कसं बघतात हे?

उत्तर:

वाचत राहिलात तर बरोबरच वाटणार. वाचताना राहिलेल्या जागा आपलं डोकं गुपचूप भरून काढतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून वाचू नका, टेस्ट केस लिहायला घ्या. प्रत्येक वाक्याला खरे आकडे घालून "काय टाकलं तर काय यायला पाहिजे" एवढं लिहायचं. जिथं हात अडतो तिथं दोष.

लातूरकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सोयाबीन खरेदीचं सॉफ्टवेअर होत होतं, त्याचा एसआरएस मी तपासला होता. त्यात एक वाक्य होतं: "ओलावा १२ टक्क्यांच्या वर असल्यास प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कपात करावी." वाचायला एकदम स्वच्छ. आता टेस्ट केस लिहा. माल २० क्विंटल, ओलावा १३.४ टक्के, भाव समजा ४,५०० रुपये क्विंटल. कपात किती?

वरचा ओलावा १.४ टक्के. पुरा झालेला टक्काच धरला तर २० किलो, म्हणजे ९०० रुपये. दशांशासकट धरला तर २८ किलो, म्हणजे १,२६० रुपये. सुरू झालेला टक्का पूर्ण धरला तर ४० किलो, म्हणजे १,८०० रुपये. तिन्ही अर्थ त्याच वाक्यातून निघतात. प्रोग्रामर यातला एक निवडेल, टेस्टर कदाचित दुसरा, आणि शेतकरी काट्यावर भांडेल तिसऱ्यासाठी. शिवाय हे २० क्विंटल बारदान्यासकट की बारदाना वजा करून? ओलावामापकाची तीन रीडिंग घेतात, त्यांची सरासरी १२.०४ आली तर आधी एका दशांशावर आणायची की तशीच १२ शी ताडायची? दोष नोंदवताना "वाक्य अस्पष्ट आहे" असं लिहू नका, त्याकडे कोणी बघत नाही. कपातीचे ते तीन आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवा, त्याच दिवशी उत्तर येतं.

टेस्ट करता येणं वेगळं बघायची फारशी गरज उरत नाही, कारण ज्याची टेस्ट केस लिहिता येत नाही ते वाक्य इथंच उघडं पडतं. "मालाच्या हिशोबाची पट्टी लवकर छापली जावी" यात लवकर म्हणजे किती? "सेव्ह दाबल्यापासून पाच सेकंदांत प्रिंटरला जावी" असं असेल तर घड्याळ लावून बघता येतं. पण ते पाच तुम्ही ठरवू नका, ग्राहकाला विचारा. "शक्यतो", "योग्य ती", "गरजेनुसार", "इत्यादी" हे शब्द किंवा त्यांचे इंग्रजी भाऊबंद Ctrl+F ने शोधा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सापडतंच.

खरी मेहनत विरोधाभासाला. एकमेकाला छेद देणारी वाक्यं सहसा एका पानावर नसतात, कारण ती वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या बैठकांनंतर लिहिलेली असतात. म्हणून एक एक्सेल शीट उघडा आणि एसआरएसमधल्या मुख्य वस्तूंची नावं काढा: शेतकरी, माल, ओलावा, वजन, पट्टी, पेमेंट. मग प्रत्येक नावाखाली त्याच्याबद्दलची सगळी वाक्यं कलम क्रमांकासह उचलून टाका. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय मला तरी मिळालेला नाही.

त्या एसआरएसमध्ये "ओलावा" या नावाखाली कपातीचं वाक्य आलंच, आणि वीसेक पानं मागचं आणखी एक आलं: "१२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा माल नोंदवू नये." माल घ्यायचाच नाही, तर कपात कशाची? विचारल्यावर कळलं की कंपनी दोन प्रकारे खरेदी करते. हमीभाव केंद्रावर मर्यादेच्या वरचा माल परत जातो, खासगी खरेदीत तोच माल कपात लावून घेतात. म्हणजे दोन्ही वाक्यं खरी होती. फक्त "खरेदीचा प्रकार" ही अट कुठंच लिहिलेली नव्हती. असं बऱ्याचदा होतं, म्हणून विरोध दिसला की एक वाक्य खोडायची घाई करू नका. आधी कुठली अट गळाली ते विचारा.

अट सापडली की तक्ता करा. एका बाजूला हमीभाव आणि खासगी. दुसऱ्या बाजूला ओलावा १२ पर्यंत, १२ ते १५, १५ च्या वर. सहा खाने झाले. प्रत्येकात काय व्हायला पाहिजे ते एसआरएसमधूनच भरायचं, आपल्या मनानं नाही. खासगी आणि १५ च्या वर या खान्यात कपातीच्या वाक्याप्रमाणे २२ टक्क्यांचा ओला मालही क्विंटलमागे दहा किलो कापून घ्यावा लागत होता! तसा माल तिथं कोणी घेत नाही, पण वरची मर्यादा लिहायची राहिली होती.

आणि हमीभावाची मर्यादा तरी कायमची कुठं आहे? २०२४ च्या खरिपात केंद्रानं सोयाबीनसाठी ती १२ वरून १५ टक्के केली. मग लगेच प्रश्न उभे राहतात: मर्यादा कोण बदलणार, कुठल्या तारखेपासून, आणि आधी परत पाठवलेला माल पुन्हा आला तर? यातलं काहीच एसआरएसमध्ये नव्हतं.

काय राहिलंय ते शोधायला त्याच नावांच्या शीटचा आणखी एक उपयोग होतो. प्रत्येक वस्तूला विचारा: ही तयार कोण करतं, बघतं कोण, बदलतं कोण, रद्द कोण करतं? पट्टीच्या बाबतीत "एकदा छापल्यावर बदल नाही" असं एका ठिकाणी होतं, "व्यवस्थापक वजन दुरुस्त करू शकेल" असं दुसरीकडे, आणि रद्द करण्याबद्दल अक्षरही नव्हतं.

तरी हे सगळं कागदावर जे आहे त्याच्या आसपासचंच पकडतं. जे कोणालाच सुचलं नाही ते एसआरएस कितीही उलटापालटा केला तरी सापडणार नाही. त्यासाठी काट्यावर जाऊन मुनीमजींना विचारायला लागतं. सातबारा सामाईक असेल तर पट्टी कोणाच्या नावावर? बटईदारानं माल आणला तर पैसे कोणाच्या खात्यात? गाडी काट्यावर असताना लाईट गेली तर? ही शेवटची गोष्ट आपल्याकडे अपवाद म्हणून सोडून देता येत नाही.

दोषांची यादी करताना कलम क्रमांक, वाक्य जसंच्या तसं, त्यातून निघणारे अर्थ आणि उत्तर कोण देणार त्याचं नाव एवढंच लिहा. उत्तराचा रकाना रिकामा ठेवा. तुम्हाला उत्तर माहीत आहे असं वाटलं तरीसुद्धा! शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या फाईलमध्ये टाका, नाहीतर बैठक त्यातच संपते. सुधारलेला एसआरएस आला की बदललेली कलमं बघाच, पण त्या कलमांत आलेल्या प्रत्येक नावाखालची सगळी वाक्यं पुन्हा तपासा. नवा विरोध बहुतेक वेळा या दुरुस्तीतूनच शिरतो.