रिटर्न उशिरा, जुनी करप्रणाली हातची गेली

प्रश्न : वय ६८, निवृत्त शिक्षक. २०२४-२५ मध्ये पेन्शन ५,४०,००० रुपये आणि एफडीचं व्याज २,६०,००० रुपये. बँकेने २६,००० टीडीएस कापला. टॅक्स सेव्हर एफडीत दीड लाख टाकलेत, दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता ५०,००० आहे. हिशेब केला तर कर शून्य येतो. मुलीच्या बाळंतपणासाठी चार महिने नागपूरला होतो आणि ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न भरता येतं म्हणून थांबलो. आता संकेतस्थळावर जुनी करप्रणाली निवडताच येत नाही, उलट पैसे भरायला सांगतात. २६,००० परत कसे मिळवायचे?

उत्तर : सर, ३१ डिसेंबर ही तारीख खरी आहे, पण ती उशिरा भरायच्या रिटर्नची आहे. वेळेवरच्या रिटर्नची तारीख यंदा ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि शेवटी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली. या दोन तारखांमधला फरक फक्त दंडाचा आहे असं बहुतेक पेन्शनर धरून चालतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते बरोबरही होतं.

आता नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागावी लागते, आणि ज्याला धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नाही त्याने ती कुठे मागायची हे कलम ११५ बीएसीच्या सहाव्या उपकलमात लिहिलं आहे : कलम १३९(१) खाली, म्हणजे मुदतीत, भरलेल्या रिटर्नमध्ये. उशिराचं रिटर्न कलम १३९(४) खाली जातं. तिथे हा पर्यायच नाही. संकेतस्थळ बिघडलेलं नाही, ते कायदा पाळतं आहे.

तुमच्या आकड्यांवर याचा परिणाम पाहा. एकूण उत्पन्न आठ लाख. जुन्या पद्धतीत पेन्शनवर ५०,००० प्रमाणित वजावट, कलम ८० सी खाली दीड लाख, ८० डी खाली मेडिक्लेमचे ५०,००० आणि ज्येष्ठांसाठीच्या ८० टीटीबी खाली ठेवींच्या व्याजातले ५०,००० वजा होतात. उरतात बरोबर पाच लाख. त्यावरचा कर ८७ ए च्या सवलतीने शून्य होतो आणि २६,००० पूर्ण परत येतात. तुमचा हिशेब चुकलेला नव्हता.

नव्या पद्धतीत मात्र प्रमाणित वजावट ७५,००० मिळते आणि बाकीच्या तिन्ही वजावटी जातात. ज्येष्ठांना तिथे वेगळी करमुक्त मर्यादाही नाही. करपात्र उत्पन्न ७,२५,००० ठरतं. त्या वर्षी सवलत सात लाखांपर्यंतच होती, ती तुम्ही पंचवीस हजारांनी ओलांडली. कर २२,५००, सेस धरून २३,४००. उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्याने कलम २३४ एफ खाली ५,००० रुपये विलंबशुल्क. एकूण २८,४००, त्यातून कापलेला टीडीएस २६,००० वजा केला की २,४०० रुपये तुम्हीच भरायचे. एका तारखेने २६,००० च्या परताव्याचं २,४०० चं देणं झालं.

पुढचा प्रश्न तुमच्या मनात असेलच : १५ एच दिला असता तर वाचलो असतो का? नाही. टीडीएस कापला गेला नसता, एवढंच. उशीर झाल्यावर हेच २३,४०० उभे राहिले असते आणि वर दरमहा एक टक्का व्याजही लागलं असतं. दर डिसेंबरात असे कागद माझ्या टेबलावर येतात आणि बहुतेकांची तक्रार टीडीएसवर असते. खरं दुखणं तारखेचं असतं. तुम्ही वर्षानुवर्षं मुलांच्या परीक्षांचे अर्ज मुदतीत भरून घेतलेत, स्वतःच्या रिटर्नची तारीख मात्र ऐकीव माहितीवर सोडलीत, याचं मला वाईट वाटतं. हे रिटर्न नागपूरहून मोबाइलवरूनही भरता आलं असतं.

यातून वाट आहे का? कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार एक कोटीपर्यंतच्या दाव्यांचे अर्ज प्रधान आयकर आयुक्तांकडे जातात, आणि कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत ते स्वीकारले जातात. पण त्यासाठी खरी अडचण दाखवावी लागते. सप्टेंबरात तुम्ही स्वतः दवाखान्यात दाखल होता असा डिस्चार्ज कार्डाचा पुरावा असता तर मी अर्ज लगेच टाकायला सांगितलं असतं. बाळंतपणासाठी बाहेरगावी असणं या कारणावर माझा भरवसा नाही. शिवाय माफी मिळाली तरी जुन्या प्रणालीचा पर्याय तिच्यामागून येईलच, असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही. अर्ज करायचा तर करा, पण त्याच्या भरवशावर रिटर्न अडवून ठेवू नका.

कारण ३१ डिसेंबर २०२५ नंतर उरतं फक्त अद्ययावत रिटर्न. त्यात परतावा मागता येत नाही आणि देय कर असेल तर त्यावर जादा रक्कम चढते. तेव्हा २,४०० चं चलन कर-निर्धारण वर्ष २०२५-२६ साठी स्वयं-निर्धारण कर म्हणून भरा, रिटर्न पाठवा आणि त्याच बैठकीत आधार ओटीपीने पडताळणी करा. पडताळणीला तीस दिवस असतात, पण ते उलटले तर ज्या दिवशी पडताळणी होते तोच दिवस रिटर्न भरल्याचा मानतात. तुमच्या बाबतीत तो दिवस जानेवारीत गेला तर सगळंच बुडालं. आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो आजच बदलून घ्या.

आता २०२५-२६ चं. या वर्षी नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर ८७ ए मुळे कर शून्य होतो. उत्पन्न एवढंच राहिलं तर तुमचे ७,२५,००० त्यात सहज बसतात, वजावटींची जुळवाजुळव करायची गरज नाही. फक्त म्युच्युअल फंड किंवा शेअर विकले असतील तर त्या नफ्यावरचा विशेष दराचा कर या सवलतीत येत नाही. तसं काही असेल तर आधी सल्ला घ्या.

बँकेची टीडीएसची मर्यादा ज्येष्ठांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एक लाख झाली. तुमचं व्याज २,६०,००० आहे, म्हणजे १५ एच दिल्याशिवाय कपात होणारच. अंदाजे कर शून्य असल्याने तुम्ही तो देऊ शकता. ज्या ज्या बँकेत ठेव आहे तिथे तो वेगळा द्यावा लागतो, आणि प्रत्येक फॉर्ममध्ये सगळ्या बँकांचं व्याज व पेन्शन मिळून एकूण उत्पन्न लिहायचं, फक्त त्या शाखेचं नाही. तुमची एखादी पावती 'क्युम्युलेटिव्ह' असेल तर तिचं व्याज हातात आलं नसलं तरी बँक ते दरवर्षी तुमच्या पॅनवर दाखवते. तेही धरा. जे आधीच कापलं गेलंय ते रिटर्न भरल्यावरच परत येईल. त्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख आज कॅलेंडरवर लिहा आणि मुदतवाढ होईल असं धरू नका. उशीर झाला तर कर शून्य असला तरी ५,००० विलंबशुल्क लागतंच.