सहलीच्या आदल्या रात्री

ताई, माझी लेक बारा वर्षांची आहे. परवा शाळेची दोन दिवसांची सहल निघते आहे. पाळीबद्दल मी तिला अजून एक अक्षर सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात, आली की सांग, आत्तापासून कशाला घाबरवतेस? सुरुवात कशी करू तेच कळत नाही.
– एक आई, सातारा

उद्या रात्रीच सांगा. माझ्या लेकीला मी असंच रायगडच्या सहलीच्या आदल्या रात्री सांगितलं होतं, बॅग भरता भरता. कपड्यांच्या घडीवर पॅडचं पाकीट ठेवलं आणि म्हटलं, "हे कशाला ते बघ." सुरुवात एवढीच.

पोटात खाली मुठीएवढी पिशवी असते. बाळासाठी ती आतून दर महिन्याला मऊ अस्तर तयार करते. बाळ नसलं की ते अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडतं. हे तिला लगेच समजलं. अडलं पुढेच. "शूसारखं धरून ठेवता येतं?" येत नाही, आणि ते शूच्या जागेतून येतही नाही. शूची जागा पुढे, शीची मागे, मधली ती तिसरी. ही तिसरी जागा मुलींना कुणी सांगतच नाही, तुम्ही नक्की सांगा.

मग तिने विचारलं, "किती रक्त जातं?" मी वाटीत कोकम आगळ घेतलं, चहाचे सात-आठ चमचे. चार-पाच दिवसांचं मिळून साधारण एवढंच. वाटीकडे बघून तिचा चेहरा सैल झाला. पहिल्यांदा लाल रक्त दिसेलच असं नाही, नुसता तपकिरी डागही असतो, हेही सांगून ठेवा. नाहीतर मुलीला वाटतं, चड्डी कशाने तरी खराब झाली.

पॅड तिच्याच हाताने लावून घ्या. माझ्या लेकीने चिकट बाजू वर केली होती! दुसऱ्यांदा जमलं. चार ते सहा तासांनी बदलायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, संडासात नाही. एका छोट्या पिशवीत तीन-चार पॅड, एक जादा चड्डी आणि जुने कागद द्या. बाईंना काय म्हणायचं तेही मोठ्याने म्हणवून घ्या: "बाई, मला पाळी आलीय." पोटात दुखलं तर शेकायला गरम पाण्याची बाटली चालते. तासा-दोन तासांत पॅड भिजायला लागलं तर मात्र लगेच बाईंना सांगायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी दोन-दोन महिने चुकू शकते. सासूबाईंनाही हे सांगा, म्हणजे त्या तारखा मोजत बसणार नाहीत.

दिवा मालवल्यावर लेकीने विचारलं, "गडावर आली, तर जगदीश्वराच्या देवळात जायचं नाही का?" आमच्या घरात चार दिवस देवाला शिवत नाहीत, हे तिने पाहिलेलं होतं. मी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हटलं, "जा. सगळ्या मैत्रिणींबरोबर आत जा."