बाहुली, बुबुळ आणि 'ॲकॉमोडेशनला आहे'

प्रश्न: बहिणीच्या (वय ३२) केसपेपरवर डॉक्टरांनी 'अनायसोकोरिया, डावा मोठा, लाइटला जवळजवळ नाही, ॲकॉमोडेशनला आहे पण स्लो' असं लिहिलंय. मराठीत याला 'बुबुळं लहान-मोठी असणं' म्हणायचं ना? आणि हे ॲकॉमोडेशन म्हणजे नक्की काय?

नाही, बुबुळं नाही. मालिकेतला डॉक्टर बेशुद्ध माणसाच्या डोळ्यावर टॉर्च मारतो आणि 'बुबुळं विस्फारलीत' म्हणतो, ते ऐकलं की मला दर वेळी त्रास होतो. बुबुळ विस्फारत नाही. डोळ्याच्या पांढऱ्यात दिसणारा जो सबंध काळा-तपकिरी गोल, ते बुबुळ. नेत्रदानाच्या पत्रकात 'बुबुळ' म्हणजे त्या गोलावरची पारदर्शक काच, तर शाळेच्या विज्ञानात रंगीत पडदा. यावर भांडायला जागा आहे. पण त्या पडद्याच्या मधोमध असलेलं, उजेडात बारीक आणि अंधारात मोठं होणारं काळं छिद्र म्हणजे बाहुली, यावर भांडायला अजिबात जागा नाही. जे कोश 'बुबुळ' आणि 'बाहुली' एकमेकांचे पर्याय म्हणून देतात ते चूक करतात. पुरावा पारिभाषिक शब्दातच आहे. रंगीत पडद्याला 'परितारिका' म्हणतात, म्हणजे तारकेच्या भोवतीची. तारका म्हणजे बाहुली. भोवतीची वस्तू आणि मधली वस्तू एकच कशी असेल?

आता 'बाहुली'च का? समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहा. काळ्या छिद्रात तुमचाच इवलासा चेहरा दिसतो, सरळ आणि बाहुलीएवढा. लॅटिनमध्ये प्युपिल्ला म्हणजे छोटी मुलगी किंवा बाहुली, तिच्यावरूनच इंग्रजी प्युपिल आला. ग्रीकमध्ये कोरे म्हणजे मुलगी, आणि बाहुलीही. संस्कृतात कनीनिका, कन्येच्या घरातलाच शब्द. हिंदीत पुतली. फारसीत मर्दुमक, म्हणजे छोटा माणूस. इतक्या भाषांनी एकाच ठिकाणी डोकावून एकच गोष्ट पाहिली. तुमच्या बहिणीच्या कागदावरच्या 'अनायसोकोरिया'तही तीच ग्रीक मुलगी बसलेली आहे. अन्-आयसो-कोरे म्हणजे 'समान नसलेल्या मुली'. 'असमान बाहुल्या' हे त्याचं भाषांतरही नव्हे, तो तोच शब्द आहे.

ही बाहुली दिसते कुठे, याचा हिशोब मी एकदा मांडला होता. प्रतिमा छिद्रामुळे होत नाही, ती वरच्या पारदर्शक काचेवरून परावर्तित होते. त्या काचेची वक्रता-त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर, म्हणजे बहिर्वक्र आरसा म्हणून तिचं नाभीय अंतर ३.९. पाव मीटरवर २० सेंटिमीटरचा चेहरा धरला, तर प्रतिमा साधारण ३ मिलिमीटरची होते. घरातल्या उजेडात बाहुलीचा व्यास तीन-चार मिलिमीटर असतो. म्हणजे तुमचा चेहरा त्या काळ्या गोलात बरोबर मावतो, आणि मागे काळं असल्यामुळेच उठून दिसतो. 'त्या छिद्राचा आकारच बाहुलीसारखा गोल म्हणून बाहुली' अशी उपपत्ती कुणी दिली की मला पटत नाही. गोल बाहुली कुणी पाहिली आहे?

बरं, केसपेपर. त्यातलं 'आहे' आणि 'नाही' म्हणजे बाहुली आवळून दाद देते की नाही. त्यात दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. सगळी मेख तिथे आहे.

उजेडाची वाट अशी. टॉर्चचा उजेड दृष्टिपटलावर पडला की संदेश दृष्टिचेतेतून मागे निघतो. दोन्ही चेतांच्या फुलीवर निम्मे तंतू बाजू बदलतात. पाहण्याचे तंतू पुढे मेंदूच्या दृश्यकेंद्राकडे जातात, पण बाहुलीसाठीचे तंतू त्याआधीच वाट सोडून मध्यमेंदूच्या मागच्या अंगाला, प्रीटेक्टम नावाच्या भागात उतरतात. तिथून प्रत्येक बाजू दोन्हीकडच्या एडिंगर-वेस्टफाल केंद्रकांना खबर देते. त्या केंद्रकांमधून तिसरी मस्तिष्कचेता निघते, डोळ्यामागच्या सिलिअरी गुच्छिकेत, म्हणजे चेतापेशींच्या एका गाठीत, थांबा घेते आणि बाहुली आवळणाऱ्या स्नायूपर्यंत पोचते. दोन ठिकाणी बाजू बदलल्यामुळे एका डोळ्यावर टॉर्च मारला तरी दोन्ही बाहुल्या सारख्याच आवळतात. म्हणूनच एका डोळ्याची दृष्टिचेता पूर्ण गेली, तरी नुसत्या त्यामुळे बाहुल्या असमान होत नाहीत. तो दोष शोधायला टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर हलवत न्यावा लागतो. चांगल्या डोळ्यावर उजेड असेपर्यंत दोन्ही बाहुल्या आवळलेल्या असतात, आणि आजारी डोळ्यावर उजेड येताच दोन्ही सैलावतात. उलट मेंदूचं दृश्यकेंद्र बिघडून माणूस आंधळा झाला, तर त्याला काहीच दिसत नाही, पण बाहुल्या उजेडाला झटकन आवळतात, कारण त्यांचे तंतू त्या केंद्राकडे गेलेच नव्हते.

दुसरी परीक्षा जवळच्या नजरेची. इथे माझा पारिभाषिक कोशांशी वाद आहे. ॲकॉमोडेशनला 'समायोजन' म्हणतात, शाळेत 'समायोजन शक्ती' शिकवतात, ठीक आहे. लॅटिन मूळ मापात बसवून घेण्याचं, त्यामुळे मी 'जुळवून घेणं' म्हणेन. भाड्याच्या खोलीला ॲकॉमोडेशन म्हणतात तेही त्याच मुळातून. पण ॲकॉमोडेशन म्हणजे फक्त भिंग फुगणं. जवळ पाहताना तीन गोष्टी एकत्र घडतात. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, भिंग फुगतं आणि बाहुली आवळते. या तिघांना मिळून 'समायोजन प्रतिक्षेप' म्हणणं दुहेरी चूक आहे. बाहुलीचं आवळणं हे समायोजन नव्हे, आणि हा सगळा प्रकार खऱ्या अर्थाने प्रतिक्षेपही नव्हे. प्रतिक्षेप म्हणजे फेकलेलं परत येणं. उजेडाचा तो खराच. जवळ पाहण्याचा हुकूम मात्र मेंदूच्या वरच्या थरांतून खाली येतो, आपण मुद्दामही तो देऊ शकतो. 'निकटदृष्टीची त्रयी' म्हणा, भांडण मिटेल.

हा हुकूम मध्यमेंदूत उजेडाच्या वाटेपेक्षा पुढच्या अंगाने उतरतो, प्रीटेक्टमला न शिवता. म्हणून मध्यमेंदूच्या मागच्या अंगाला इजा झाली, तर बाहुली उजेडाला दाद देत नाही, पण जवळ पाहताना आवळते. उपदंश मज्जासंस्थेत पोचल्यावर दोन्ही बाहुल्या बारीक आणि वेड्यावाकड्या होऊन हेच करतात, हे एडिनबराच्या डग्लस अर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६९ मध्ये नोंदवलं. त्याआधी १८६३ मध्ये त्यांनी कॅलाबार बीमधला अर्क स्वतःच्या डोळ्यात घालून बाहुली आवळताना पाहिली होती. हे गृहस्थ १९०९ मध्ये वारले ते आपल्याकडे, काठियावाडातल्या गोंडलला, तिथल्या भगवतसिंहजी महाराजांचे पाहुणे असताना. महाराज स्वतः एडिनबराला वैद्यक शिकलेले, आणि पुढे ज्यांनी 'भगवद्गोमंडल' हा गुजरातीचा प्रचंड शब्दकोश करवून घेतला ते हेच. बाहुलीचा अभ्यासक आणि शब्दांचा संग्राहक एका घरात होते, हे मला फार आवडतं.

तुमच्या बहिणीची गोष्ट मात्र बहुधा तशी दिसत नाही. तिची एकच बाहुली मोठी आहे, वय बत्तीस आहे, आणि जवळ पाहताना बाहुली आवळते ती सावकाश. हे वर्णन 'ॲडीची बाहुली' या प्रकाराशी जुळतं. त्यात इजा मेंदूत नसते, डोळ्यामागच्या सिलिअरी गुच्छिकेत असते. तिथून बाहेर पडणाऱ्या तंतूंपैकी भिंगाच्या स्नायूकडे जाणारे फार, साधारण तीसास एक या प्रमाणात. गुच्छिका दुखावली की सुरुवातीला दोन्ही कामं बंद पडतात. बाहुली फाकते आणि वाचताना अक्षर धूसर होतं. काही महिन्यांत तंतू परत वाढतात, पण भिंगासाठीचे तंतू संख्येने इतके जास्त की त्यातले काही चुकून बाहुलीच्या स्नायूला जाऊन चिकटतात. आता उजेडाचा संदेश पोचत नाही, पण पुस्तक हातात घेतलं की भिंगाचा हुकूम बाहुलीलाही लागू होतो. ती हळूहळू आवळते आणि नजर दूर नेल्यावरही बराच वेळ तशीच राहते. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं 'ॲकॉमोडेशनला आहे' हे वाक्य इथे शब्दशः खरं ठरतं, मघाची माझी तक्रार असूनही.

खात्री कशी करतात? दिव्याच्या यंत्राखाली पाहिलं, तर बाहुलीची कड सगळीकडून सारखी न आवळता तुकड्या-तुकड्यानं वळवळताना दिसते. पायलोकार्पिन हे बाहुली आवळणारं औषध खूप पातळ करून, ०.१ टक्क्याच्या आसपास, दोन्ही डोळ्यांत घालतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाहतात. तंतू तुटलेला स्नायू अतिसंवेदनशील झालेला असतो, म्हणून मोठी बाहुली आवळते; चांगल्या डोळ्याच्या बाहुलीला एवढ्या पातळ औषधाचं फारसं काही होत नाही. गुडघ्यावर हातोडी मारून पायाचा झटका येतो का तेही पाहतात, कारण या माणसांत तो बरेचदा गेलेला असतो. हा प्रकार जिवाला घातक नाही.

घरी तपासताना एक चूक सगळे करतात. टॉर्च समोर धरतात, बिचारी टॉर्चकडेच पाहते, आणि जवळ पाहिल्यामुळे बाहुली आवळते. मग 'लाइटला आहे' असं लिहिलं जातं. नजर खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर ठेवायला सांगून टॉर्च बाजूने आणायचा. जवळची परीक्षा मग तिच्याच अंगठ्यावर करायची. उजेडाला बाहुली झटकन आवळत असेल, तर जवळची परीक्षा करायचं कारण सहसा उरत नाही. उजेडाला आहे आणि जवळ पाहताना नाही, असं फारच क्वचित सापडतं.

दुसरीही गोष्ट सांगून ठेवतो. बाहुली अचानक मोठी झाली आणि सोबत त्याच बाजूची पापणी झुकली, एकाचे दोन दिसू लागले, डोकं जोरात दुखलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिसऱ्या चेतेत बाहुलीचे तंतू वरच्या बाजूला, पृष्ठभागावर असतात, म्हणून मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा चेतेवर दाबू लागला की आधी बाहुली जाते. मधुमेहात चेतेच्या गाभ्याचा रक्तपुरवठा बिघडतो, तेव्हा पापणी पडते पण बाहुली बहुतेक वेळा वाचते. तुमच्या प्रश्नात पापणीचा उल्लेख नाही, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

आणि केसपेपर मराठीत हवा असेल तर असा लिहा: बाहुल्या असमान, डावी मोठी, उजेडाला जवळजवळ दाद नाही, जवळ पाहताना आवळते, पण सावकाश. यात 'बुबुळ' कुठेही लागत नाही.