बोनस, शेअर आणि राजीनाम्याची तारीख

हिंजवडीत आयटीत आहे. बोनस एप्रिलच्या पगारात येतो, शेअर १५ मेला व्हेस्ट होतात, नोटीस ६० दिवसांची. राजीनामा कधी देऊ?

१६ मेला, शेअर खात्यात दिसल्यावर. बऱ्याच कंपन्यांत बोनस जमा होण्याच्या दिवशी तुम्ही नोटीसवर नसावं अशी अट असते, म्हणून मार्चमध्ये राजीनामा नकोच. शेअरसाठी सहसा त्या दिवशी नोकरीत असणं पुरतं. तरी २ मेला देऊ नका: कंपनीने नोटीस कमी करून १० मेलाच मोकळं केलं, तर व्हेस्ट न झालेले शेअर बुडतात. १६ मेला दिलात तर १५ जुलैच्या सुमारास सुटाल. नव्या कंपनीकडून त्यानंतरची रुजू होण्याची तारीख लेखी घ्या. बोनसच्या पत्रात वसुलीची अट असेल तर मात्र हिशेब बदलतो, ते पत्र आधी वाचा.