गाल फुगवलेलं स्टिकर: खरा राग की लटका?

प्रश्न: माझी एक मैत्रीण मला सारखी रागावलेल्या गोंडस कार्टूनची स्टिकर पाठवते. ती खरंच चिडलेली असते की हे प्रेमानं असतं? कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा हा लटका राग असतो, आणि तो जवळच्या माणसावरच काढता येतो. मी हौसेनं स्टिकरचे पॅक काढते, म्हणून आधी चित्राबद्दल सांगते आणि मग पाठवणाऱ्या माणसाबद्दल.

माझ्या पहिल्या पॅकमध्ये घुबडाचं एक पिल्लू होतं. त्याचं रागावलेलं चित्र काढताना मी रागाच्या सगळ्या खुणा त्यात घातल्या: भुवया नाकाकडे उतरलेल्या, डोळे बारीक, चोच उघडी, अंग पुढे झुकलेलं, पंख उगारलेले. एका मैत्रिणीनं फोन उचलला नव्हता, म्हणून तिला ते गमतीनं पाठवलं. दोन मिनिटांत तिचाच फोन आला, "अगं, काय झालं? माझं काही चुकलं का?" तिचा आवाज खरोखर घाबरलेला होता. मला ते फार लागलं, कारण मला म्हणायचं होतं, "कुठे आहेस गं, तुझी आठवण येतेय."

मग मी चित्र पुन्हा काढलं. भुवया तशाच ठेवल्या, उलट जरा जाडच केल्या. बाकी सगळं फिरवलं. डोळे मोठे आणि गोल केले, चोच मिटून अगदी बारकी केली, गाल फुगवले, त्यावर गुलाबी ठिपके दिले. पंख उगारायच्या ऐवजी कमरेवर ठेवले, आणि ते इतके आखूड की कुणाला मारायचं म्हटलं तरी पोचणार नाहीत. अंग पुढे झुकवायचं सोडून सरळ, पाय रोवून उभं केलं. हे दुसरं चित्र त्याच मैत्रिणीला पाठवलं तर तिनं लगेच हात जोडलेल्या सशाचं स्टिकर पाठवलं आणि खाली लिहिलं, "सॉरी सॉरी, रात्री नक्की करते."

हे का होतं त्याचं कारण जुनं आहे. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की अंगाच्या मानानं मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय दिसले की आपल्याला ते तान्हं वाटतं आणि सांभाळावंसं वाटतं. गोंडस स्टिकरमध्ये नेमकं हेच सगळं असतं. त्यावर फक्त भुवया रागाच्या ठेवल्या की चेहरा एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो: मी चिडलेय, आणि माझ्यापासून तुला काहीच धोका नाही. रागाची खूण एकच हवी. दात, उगारलेला हात आणि बारीक डोळे हे सगळं एकत्र आलं की गोंडसपणा हरतो.

मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची लुटुपुटूची मारामारी पाहिली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की माकडं एकमेकांना "हा खेळ आहे" हेसुद्धा सांगत असतात. खेळातलं चावणं चावण्यासारखं दिसतं, पण चावण्याचा जो अर्थ असतो तो त्यात नसतो. फुगलेल्या गालांचं स्टिकर मला अगदी तसंच वाटतं.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. व्हॉट्सअॅपचं स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं काढतात, पण चॅटमध्ये ते काडेपेटीएवढंच दिसतं. काढताना ओठाच्या कोपऱ्यात दिलेलं हसू तिथे हरवतं, फिकट गुलाबी गालही हरवतात, आणि जाड भुवया मात्र शिल्लक राहतात. म्हणजे पाठवणारीला गोड वाटलेलं चित्र तुमच्याकडे पोचेपर्यंत नुसतं रागीट झालेलं असू शकतं. शंका आली तर ते स्टिकर जरा जवळून, नीट निरखून बघा.

आता पाठवणारीकडे येते. आपल्याकडे रुसणं आणि रुसवा काढणं ही जोडीच आहे. जो रुसतो त्याला खात्री असते की समोरचा येऊन मनधरणी करेल. अनोळखी माणसावर आपण चिडू शकतो, पण त्याच्यावर रुसता येत नाही. म्हणून गाल फुगवलेलं स्टिकर म्हणजे हक्कानं रागावणं: "तू उशिरा उत्तर दिलंस आणि मला त्याचा फरक पडतो." हे वाक्य सरळ लिहिलं तर जड होतं, लिहिणारीला अवघडल्यासारखं होतं आणि वाचणारीला तक्रार ऐकल्यासारखं. पिल्लू ते हलक्या हातानं सांगतं.

त्यामुळे चित्रापेक्षा आजूबाजूला काय आहे ते बघा. लटक्या रागात स्टिकर पटकन येतं, तुमच्या मेसेजला चिकटून येतं, आणि कारण छोटं असतं: तुम्ही तिला सोडून सिनेमा बघितला, फोटो पाठवायला विसरलात. त्यानंतर गप्पा चालू राहतात. तुम्ही माफीचं स्टिकर टाकलं की ती लगेच दुसरं टाकते, पाठ फिरवलेलं, मग एक डोळा उघडून बघणारं. हा खेळ पुढे सरकतो ही सगळ्यात भरवशाची खूण.

खऱ्या रागात बहुतेकदा स्टिकरच नाहीशी होतात. "ठीक आहे." पूर्णविरामासकट. पण नेहमीच नाही, आणि इथे मी एकदा चुकलेय. एका मैत्रिणीला भेटायचं मी तिसऱ्यांदा रद्द केलं. चार तासांनी तिचं तेच नेहमीचं फुगलेलं पिल्लू आलं, खाली एक शब्दही नाही. मी हसणारं स्टिकर टाकून मोकळी झाले. नंतर कळलं की ती त्या संध्याकाळी रडली होती. नुसतं गप्प राहणं कठोर वाटलं असतं आणि मनातलं लिहायला शब्द सुचत नव्हते, म्हणून तिनं पिल्लाच्या आडून सांगितलं होतं. चित्र तेच, पण उशीर झालेला, कारण मोठं, आणि त्यापुढे काहीच नाही. त्या तिन्ही गोष्टी माझ्यासमोर होत्या. असं एकत्र दिसलं तर स्टिकरला स्टिकरनं उत्तर देऊ नका. फोन करा, किंवा "खरंच वाईट वाटलं का तुला?" एवढं शब्दांत विचारा.

ऑफिसच्या ग्रुपवर किंवा नुकत्याच ओळख झालेल्या माणसाला मात्र ही स्टिकर मी पाठवत नाही. तिथे तो हक्क अजून तयार झालेला नसतो, आणि मग समोरच्याला फक्त भुवया दिसतात.

तुमची मैत्रीण "सारखी" पाठवते असं तुम्ही लिहिलंय. तेच एक कार्टून परत परत येत असेल तर तिनं ते तुमच्यासाठी राखून ठेवलेलं असण्याची शक्यता खूप आहे. पुढच्या वेळी ते आलं की हात जोडलेलं एखादं स्टिकर पाठवून बघा, आणि ती त्यावर काय टाकते ते पाहा.