"काळाची गरज" खोडलं आणि मग प्रोजेक्ट सुरू झाला

"मॅडम, मुलगा दहावीत आहे. सायन्स एक्झिबिशनला त्याने 'पाण्याचे शुद्धीकरण : काळाची गरज' असं टायटल दिलं, सरांनी दोनदा परत पाठवलं, मोघम आहे म्हणाले. पोरगं रडकुंडीला आलंय. विषयच बदलायचा का?"

ताई, विषय अजिबात बदलू नका. गेल्या वर्षी भांडुपची एक मुलगी आली होती माझ्याकडे, टायटल जवळपास हेच, आणि चिडलेली इतकी की "सरांना मीच आवडत नाही" इथपर्यंत गाडी गेलेली. मी तिला म्हटलं, सरांचं नंतर बघू, आधी टायटलमधला एकेक शब्द घे आणि सांग, हा तू कशाने मोजणार, पट्टीने, घड्याळाने की वजनकाट्याने?

'काळाची गरज' तिने स्वतःच हसत खोडलं. अडली ती 'शुद्धीकरण'वर. तिचा प्रयोग होता शेवग्याच्या बियांची पूड गढूळ पाण्यात टाकायची, गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं. पण नितळ म्हणजे शुद्ध नव्हे ना, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते मोजायची सोय शाळेत नव्हती. म्हणजे जे मोजताच येत नाही त्याचा दावा टायटलमध्ये! तो शब्द गेला आणि जागी आला 'पारदर्शकता', कारण ती पट्टीने मोजता येते. कागदावर काळी फुली काढायची, त्यावर लॅबमधलं 1 लिटरचं काचेचं मोजपात्र ठेवायचं, वरून बघत बघत पाणी ओतायचं आणि फुली दिसेनाशी झाली की थांबून पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. पाणी जितकं नितळ तितकी उंची जास्त, बस.

मग दुसरा प्रश्न, ती बदलणार काय? "पूड टाकणार." किती? "चमचाभर." इथेच सगळं मोघम होतं खरं तर. लिटरला 50, 100, 200 मिलिग्रॅम असं ठरवलं, पण 50 मिलिग्रॅम घरच्या काट्यावर कळतच नाही. म्हणून शाळेच्या काट्यावर 5 ग्रॅम पूड मोजली, थोड्या पाण्यात कालवून एकूण 500 मिली केलं, म्हणजे दर मिलीमध्ये 10 मिलिग्रॅम आलं. आता सुई काढलेल्या सिरिंजने 5 मिली घेतलं की झाले 50, फक्त दर वेळी बाटली आधी हलवायची. (बिया झाडावर वाळलेल्या शेंगांच्याच घ्या हं, सांबारातल्या कोवळ्या शेंगांच्या नकोत, आणि टरफल काढून आतला पांढरा गर वाटायचा.)

पहिल्या दिवशी आकडे अगदीच वेडेवाकडे आले. कारण साधं होतं, मैदानातली माती कालवलेली बादली बाजूला ठेवून ती एकेक बरणी निवांत भरत होती आणि तोवर बादलीतच गाळ खाली बसत होता, त्यामुळे शेवटच्या बरणीत पाणी आधीच कमी गढूळ! मग दर वेळी बादली ढवळूनच भरायचं ठरलं. आणि एक बरणी पूड न टाकता ठेवायला सांगितली, कारण माती तशीही आपोआप थोडी बसतेच. तो फरक वजा केल्याशिवाय शेवग्याने नक्की काय केलं हे कळणार कसं?

एवढं झाल्यावर तिने नवं टायटल आणलं, 'शेवग्याच्या बिया : गढूळ पाण्यावर सर्वोत्तम उपाय'. झालं, परत तेच! प्रयोग पुरता झालेला नाही, तुरटीशी तुलना केलेली नाही, मग सर्वोत्तम कुठून आलं? निकाल टायटलमध्ये घालायचाच नाही, तिथे फक्त आपण काय तपासतोय ते. शेवटी जे सरांनी एका झटक्यात पास केलं ते असं:

'शेवग्याच्या बियांच्या पुडीचे प्रमाण (लिटरला 0, 50, 100, 200 मिलिग्रॅम) बदलल्यास मातीच्या गढूळ पाण्याच्या पारदर्शकतेत 1 तासात होणारा बदल (सेंटिमीटरमध्ये)'

लांब आहे, मान्य. चार्टवर वरती मोठ्या अक्षरात 'शेवगा आणि गढूळ पाणी' लिहा की, फॉर्मवर मात्र हेच. गंमत म्हणजे टायटलमध्ये 200 असल्यामुळे तिला ती बरणी भरावीच लागली आणि 100 पेक्षा 200 ला पाणी जास्त नितळ झालंच नाही. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. तिने सांगितलं की बियांमधलं प्रथिन धनभारित असतं, मातीचे कण ऋणभारित, म्हणून ते चिकटून जड होतात आणि बसतात, पण प्रथिन फार झालं की कणांवरच धनभार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलतात.

तुमच्या मुलाचा प्रयोग शेवग्याचाच असेल असं नाही, वाळू-कोळशाचा फिल्टर असेल तर बदलणारी गोष्ट म्हणजे कोळशाच्या थराची जाडी, मोजायची तीच फुली. आज टायटल लिहायलाच बसवू नका त्याला. फुलीवर आधी नुकतंच ढवळलेलं आणि मग तासभर बसू दिलेलं मातीचं पाणी ओतून दोन आकडे आणू दे, मग त्या आकड्यांच्या आधी कोणते शब्द लागतात ते लिहू दे.